कप्पीचा अर्धा वाटा

बाहेरची परीक्षक म्हणून माझी ख्याती चांगली नाही. मुलं माझ्या माघारी मला काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि त्यात फारसं खोटंही नाही. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत हात थरथरला तर मी समजून घेते, पण रीडिंगची लबाडी केली तर माझं डोकं फिरतं. निदान त्या दिवशी सकाळपर्यंत तरी माझी अशी समजूत होती, की लबाडी मला शंभर पावलांवरून ओळखता येते.

संध्याकाळच्या पदविका वर्गाची परीक्षा होती. प्रयोग जुनाच, कप्पीवरून दोरी आणि दोरीच्या दोन टोकांना दोन वजनं. एक जड, एक हलकं. सोडलं की जड खाली येतं, हलकं वर जातं. दोन मीटर उतरायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्वरण काढायचं. एका बाजूला साडेपाचशे ग्रॅम आणि दुसऱ्या बाजूला साडेचारशे लावले, तर पुस्तकातल्या सूत्राने उत्तर येतं शून्य पॉइंट अठ्ठ्याण्णव. वीस मुलांपैकी एकोणीस जणांनी तेच आणलं होतं. कुणी सत्त्याण्णव, कुणी नव्व्याण्णव. मी भराभर सह्या केल्या.

विसावी वही उघडली तर आत शून्य पॉइंट पासष्ट.

"ही तीच का?" मी शेजारी बसलेल्या सरांना विचारलं. सर म्हणजे इथले विभागप्रमुख, अत्यंत सज्जन आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"तीच, मॅडम. लिफ्टवाली. गेल्या वर्षी आपणच..." असं म्हणून सर चष्मा पुसायला लागले.

हो, गेल्या वर्षी मीच तिला नापास केलं होतं. तेव्हाही तिने असंच काहीतरी कमी उत्तर आणलं होतं आणि मी लाल पेनाने लिहिलं होतं, 'साधा वेळ मोजता येत नाही.' ती दिवसा लिफ्ट दुरुस्त करायची आणि संध्याकाळी वर्गाला यायची. बत्तीस वर्षांची बाई, घरी सासू आणि दोन मुली. सरांनी हळू आवाजात सांगितलं, की हा तिचा शेवटचा प्रयत्न आहे. आज उडाली तर पदविका नाही, आणि पदविका नाही तर कंपनीत तिच्यासाठी थांबवून ठेवलेली सुपरवायझरची जागा दुसऱ्याला जाणार.

"मग नीट मोजायचं होतं," मी म्हणाले आणि तिला बोलावलं.

ती आली. बोटांच्या पेरांत ग्रीस मुरलेलं होतं. घाबरली होती, पण नजर खाली नव्हती.

"एकोणीस जणांचं अठ्ठ्याण्णव आलं. तुझं एकटीचं पासष्ट. कोण चुकलं?"

"मॅडम, मी दहा वेळा मोजलं. वेळ दोन पॉइंट अठ्ठेचाळीस सेकंदच येतो. सूत्राप्रमाणे दोन सेकंद हवा. अर्ध्या सेकंदाची चूक दहाही वेळा कशी होईल?"

"कप्पीत घर्षण असेल," सर मधे पडले. त्यांना तिला वाचवायचं होतं. "तेवढं लिहून टाक, म्हणजे काही गुण देता येतील."

तिने सरांकडे पाहिलं. हो म्हणाली असती तर काठावर पास झाली असती, आणि हे तिलाही कळत होतं.

"घर्षण नाही, सर," ती म्हणाली. "मी तीन जोड्या लावून पाहिल्या. एकूण वजन दर वेळी एक किलोच ठेवलं. फरक पन्नास ग्रॅमचा, मग शंभरचा, मग दोनशेचा." तिने वहीचं पान उलटलं. "पुस्तकाप्रमाणे यायला हवं एकोणपन्नास, अठ्ठ्याण्णव आणि एक पॉइंट शहाण्णव. माझं आलं तेहेतीस, पासष्ट आणि एक पॉइंट एकतीस. घर्षणाने घेतलं असतं तर दर वेळी सारखंच घेतलं असतं ना? इथं आधी सोळा कमी, मग तेहेतीस, मग पासष्ट. दर वेळी दुप्पट."

मी पान ओढून घेतलं. आकडे पाहिले आणि माझ्या बोलण्यातली धार कुठल्या कुठे गेली. प्रत्येक ओळीत मोजलेलं त्वरण पुस्तकातल्या त्वरणाच्या दोन तृतीयांश होतं. चुकणारा हात इतक्या शिस्तीत चुकत नाही.

"कप्पी काढा," मी प्रयोगशाळेच्या काकांना सांगितलं. काका इथे पंचवीस वर्षं होते. त्यांनी शिडी लावली, कप्पी उतरवली आणि माझ्या हातात दिली. हात खाली गेला. भरीव लोखंडी चकती, काठाला दोरीपुरती खाच.

"ही प्लॅस्टिकची असते ना?"

"तीन वर्षांपूर्वी ती तडकली, मॅडम. मग आपल्याच वर्कशॉपात ही कातून घेतली. चांगली दणकट झालीय." काकांनी अभिमानाने सांगितलं आणि ती तराजूत टाकली. एक किलो, चार-पाच ग्रॅम इकडेतिकडे.

तीन वर्षं. पुस्तकातलं सूत्र बिनवजनाच्या कप्पीचं, आणि भिंतीवर एक किलोचं लोखंड. तीन वर्षांत एकाही मुलाला त्या भिंतीवर अठ्ठ्याण्णव मिळणं शक्यच नव्हतं. सगळ्यांनी आधी उत्तर लिहिलं आणि मग त्याला शोभेल असा वेळ मागून बसवला. त्यातली दोन वर्षं खाली सही माझी होती. ज्या एकीने खरं लिहिलं तिला मी घरी पाठवलं होतं. सर पुन्हा चष्मा पुसत होते.

"हे का होतंय ते सांगता येईल?" मी तिला विचारलं. आवाज आपोआप खाली आला होता.

"थोडंफार. आमच्या मशीनच्या खोलीत रिकाम्या लिफ्टचा ब्रेक हाताने सैल केला की लिफ्ट आपोआप वर निघते, कारण पलीकडचं वजन जास्त असतं. पण सुरुवातीला सगळं आळसटल्यासारखं निघतं. ते मोठं चाक फिरायला घ्यायचं असतं ना. मॅडम, पुस्तकात दोन्ही बाजूंच्या दोरीला एकच ताण दिलाय. दोन्हीकडून सारखंच ओढलं तर जड चाक फिरायला लागेलच कशाला?"

मी खडू तिच्या हातात दिला.

तिने फळ्यावर दोन ताण वेगवेगळे लिहिले. जड वजनाचं एक समीकरण, हलक्याचं एक. मग कप्पीचं: दोन ताणांतला फरक गुणिले त्रिज्या, हा कप्पीला फिरवणारा जोर. भरीव चकतीचं जडत्व अर्धा एम आर वर्ग, आणि दोरी घसरत नसल्याने कोनीय त्वरण म्हणजे दोरीचं त्वरण भागिले त्रिज्या. तिने खोडत खोडत पुढे नेलं आणि थांबली.

"त्रिज्या गेली," ती म्हणाली.

"गेली. आता काय उरलं?"

"ताणांतला फरक बरोबर कप्पीचं अर्धं वस्तुमान गुणिले त्वरण." तिने तिन्ही समीकरणं एकत्र केली. "म्हणजे, मॅडम, कप्पी लहान असो की मोठी, भरीव चकती असली की हलवायच्या वजनात तिच्या अर्ध्या वजनाची भर. आपल्याकडे खाली एक किलो आणि वर अर्धा. दीड किलोला ओढायचं, आणि ओढणारे मात्र शंभरच ग्रॅम." तिने भागाकार केला. शून्य पॉइंट पासष्ट.

मी हे तीस वर्षं शिकवलं आहे. तरीही त्या क्षणी अंगावर काटा आला. भिंतीवर जागच्या जागी फिरणारं लोखंड, एक वीतभरही खाली न उतरणारं, आणि तरी हिशेबात अर्धा किलो हजर.

"ताण काढ."

"जड बाजूला पाचशे तेरा ग्रॅमच्या वजनाएवढा. हलक्या बाजूला चारशे ऐंशी."

"पाहू या," मी म्हणाले. परीक्षा केव्हाच राहिली बाजूला.

काकांनी कप्पी परत भिंतीवर चढवली, दोरी घातली आणि वजन दाखवणारे दोन स्प्रिंगचे काटे आणले. हुक वर करून ते दोरीच्या दोन टोकांना अडकवले, खाली वजनं लावली, आणि काट्यांसकट एक बाजू साडेपाचशेची, दुसरी साडेचारशेची केली. काकांनी जड बाजू वर उचलून तळव्यावर तोलून धरली. कप्पी थांबलेली होती, आणि दोन्ही काटे साडेचारशेवर होते, अगदी सारखे. सरांनी एका काट्यावर मोबाइल रोखला, मी दुसऱ्यावर.

"सोडा, काका."

काकांनी हात काढला. काटे थरथरले आणि मग एका जागी स्थिरावले. अडीच सेकंदांत खेळ खलास. जड बाजू खाली गादीवर टेकली.

आम्ही चौघं दोन मोबाइलवर वाकलो. चित्र एकेक चौकट पुढे सरकवत सरांनी थांबवलं. उतरणाऱ्या बाजूचा काटा पाचशे दहाच्या किंचित पुढे. माझ्या मोबाइलवर चढणाऱ्या बाजूचा काटा चारशे ऐंशीच्या रेघेवर.

एकच अखंड दोरी, मधे कुठे गाठ नाही, आणि कप्पीच्या अलीकडे तिला एक ताण, पलीकडे दुसरा. मधले तेहेतीस ग्रॅम कप्पीने स्वतःला फिरवून घ्यायला ठेवून घेतले होते. इतका वेळ ते फळ्यावरचं गणित होतं, आता ते काट्यावर दिसत होतं. सरांनी चौकट पुन्हा मागे नेली, पुन्हा पुढे आणली. "अहो, खरंच वेगळे आहेत," सर म्हणाले, लहान मुलासारखे. काकांनी कप्पीकडे असं पाहिलं, की जणू घरातलाच माणूस आज पहिल्यांदा तोंड उघडून बोलला.

ती मात्र रडत होती. आवाज नाही, नुसतं पाणी.

"आता कशाला रडतेस? पास झालीस," मी म्हणाले.

"मॅडम, मागच्या वर्षीही माझं बरोबर होतं?"

हो म्हणायला मला जड गेलं. "बरोबर होतं. चूक माझी होती."

"मग मी उगीच..." तिने ग्रीसच्या हाताने डोळे पुसले. "वर्षभर मी लिफ्ट तपासून झाली की कागदावर सही करत नाही. दुसऱ्याला करायला लावते. वाटायचं, जिला साधा वेळ मोजता येत नाही, तिच्या भरवशावर माणसं वरखाली कशी सोडायची?"

मी तीन ओळींचा अर्ज लिहिला, परीक्षा मंडळाच्या नावाने. गेल्या दोन वर्षांचे या प्रयोगाचे माझे सगळे निकाल चुकीचे, पुन्हा तपासावेत, जबाबदार मी. सर म्हणाले, यानंतर तुम्हाला परीक्षक म्हणून बोलावतील का? मी म्हणाले, बोलावू नये हेच बरं. मग मी अर्ज आणि पेन तिच्यापुढे सरकवलं.

"साक्षीदार म्हणून प्रयोग कुणी तपासला ते लिहायचंय," मी म्हणाले. "सही कर."

तिने आधी अर्ज वाचला. मग दोन्ही मोबाइलवरचे आकडे पुन्हा एकदा तपासले, आणि मग सावकाश, पूर्ण नावानिशी सही केली.