एकतिसावा पत्ता

माझ्या वडिलांना, अप्पांना, मूठमाती देऊन अडीच महिने झाले होते, तेव्हा मानवतच्या चहाच्या टपऱ्यांवर बोललं जाऊ लागलं की बसवंतअप्पांनी एक पत्ता दाबून ठेवला.

मला हे सांगितलं ते चंद्रभानकाकांनी, आणि तेही प्रेसच्या उंबऱ्यावर उभं राहून. काका जिनिंगमध्ये कापसाची प्रत बघायचे. अप्पांचे तीस वर्षांचे मित्र. रोज संध्याकाळी प्रेसमध्ये येऊन अप्पांशी भांडल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

"मी बोललो टपरीवर," ते म्हणाले. "माघारी बोललो असं नको म्हणून तुला तोंडावर सांगायलोय. सत्तर पाकिटं फोडली पोरी मी. सत्तर! एक पत्ता काय यायला तयार न्हाई."

"कुठला?"

"कुठला का असंना. अठ्ठेचाळीस छापलेत म्हणून पाकिटावर लिवलंय. माझ्याकडं सत्तेचाळीस हायेत. गाडीतला मूठभर कापूस काढून आख्ख्या गाडीची प्रत सांगणारा माणूस हाय मी. सत्तर मुठी काढल्या आन् एकीत बी न्हाई, तर गाडीतच न्हाई ना?"

आमचा प्रेस लग्नपत्रिकांचा आणि आडतीच्या पावतीपुस्तकांचा. मोबाइलवर पत्रिका जायला लागल्या, काम बसलं, तेव्हा अप्पांनी हे काढलं होतं: पोरांनी जमवायचे परभणी जिल्ह्याचे चित्र-पत्ते. चारठाण्याचे खांब, वालूरची बारव, माळढोक, पळसाचं झाड, जुनं सूतगिरणीचं धुराडं. चित्रं स्वतः काढलेली, मागे चार ओळींची माहिती. पाकिटात चार पत्ते, चारही वेगळे, कुठले ते फोडल्यावरच कळणार. पोरं विदेशी खेळांच्या पाकिटांना बूस्टर पॅक म्हणतात, म्हणून अप्पांनीही पाकिटावर देवनागरीत तेच छापलं. त्याखाली बारीक अक्षरांत: कोणताही पत्ता दुर्मीळ नाही, सगळे सारखेच छापले आहेत. त्या ओळीवर त्यांचा जीव होता. पोरांना ओढ लावायची, पण लुटायचं नाही, असं ते म्हणत.

ती ओळ खोटी आहे, असं आता गाव म्हणत होतं. सेलूच्या एका दुकानदाराने अर्धा खोका परत पाठवला होता.

मी परभणीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. रोज एसटीने जाते-येते. अप्पा गेल्यापासून पुस्तक उघडलं की पान पुढे सरकत नाही, झोपायला गेलं की पाय स्वस्थ राहत नाहीत. त्यामुळे काकांचं बोलणं ऐकून मला राग आला, तेव्हा खरं सांगायचं तर बरंच वाटलं. रागाला निदान करायला काही असतं.

मी त्यांना बसवलं आणि पाकिटाच्या कोऱ्या कागदावर मांडून दाखवलं.

"काका, सुरुवातीला काय होतं? पहिल्या पाकिटातले चारही नवे. पुढं पुढं जुने निघायला लागतात. अर्धा संच, चोवीस पत्ते, साधारण आठ पाकिटांत होतो."

"झाला होता. आठवड्यात."

"म्हणून माणसाला वाटतं, आणखी आठ घेतली की पूर्ण. तसं नसतं. शेवटचा एकच राहिला की प्रत्येक पाकिटात तो असण्याची शक्यता बारात एक. म्हणजे नुसत्या त्या एकासाठी सरासरी बारा पाकिटं. अर्ध्या संचाला आठ, आणि एका पत्त्याला बारा. सगळ्याची मिळून सरासरी बावन्न-त्रेपन्न येते. पण ती सरासरी. सत्तर फोडूनही संच अपुरा राहतो असा दहांत एक जण निघतोच."

"आन् तो एक मीच?"

"कुणीतरी असणार ना."

काका कागदाकडे बघत म्हणाले, "तुझ्या बापाला असं गणितानं कधी बोलता आलं न्हाई. निस्ता वराडायचा."

मी म्हटलं, एवढ्यावर विश्वास ठेवू नका. येत्या रविवारी सगळ्यांना इथं बोलवा, जादाचे पत्ते घेऊन या. नशिबाचा खेळ असेल तर प्रत्येकाचा राहिलेला पत्ता वेगळा असणार. तुमचा राहिलेला दुसऱ्याकडे जास्तीचा पडलेला असेल, त्याचा तुमच्याकडे. अदलाबदल केली की तासाभरात दहा-वीस जणांचे संच पुरे होतील आणि अप्पांवरचं बोलणं तिथंच मिटेल.

हे मी इतक्या खात्रीनं बोलले की स्वतःलाच शांत वाटलं. शनिवारपर्यंत टिकलं ते.

रविवारी प्रेसचा पुढचा हॉल भरला. पत्रिकांचे नमुने लावायच्या टेबलांवर पत्त्यांचे गठ्ठे. वालूरहून राजेश्री मॅडम आल्या होत्या. त्यांच्या शाळेच्या आख्ख्या वर्गानं मिळून पत्ते जमवले होते आणि ते त्यांनी बुटाच्या खोक्यात आणले होते. आमच्या प्रेसवर वीस वर्षं मशीन चालवणारा नागेश चहा देत होता. पहिला अर्धा तास नुसता गलका.

"माळढोक कुणाकडं? माळढोक!"

"माझ्याकडं पाच हायेत, घे. धुराडं दे."

"धुराडं देऊन माळढोक? आडत्या हायेस का रे तू?"

मी भिंतीला टेकून बघत होते. पत्ते हातोहात फिरत होते, माणसं हसत होती. अगदी मी म्हटलं होतं तसं. अप्पा असते तर मधोमध उभे राहून सगळ्यांना शिस्त लावायला गेले असते.

मग राजेश्री मॅडम माझ्याकडे आल्या. "आमचं सगळं झालं हो. फक्त एकतीस नंबर हवाय."

त्यांच्या मागून एक दुकानदार म्हणाला, "मलाबी एकतीसच."

चंद्रभानकाका टेबलापाशी होते. त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. त्यांचा कुठला पत्ता राहिलाय हे मी त्या दिवशी विचारलं होतं, त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मीही पुन्हा विचारलं नव्हतं. आता विचारायची गरज उरली नाही.

तरी मी मोठ्यानं विचारलं, "एकतीस नंबर कुणाकडे आहे? एक तरी?"

हॉलमध्ये हजारांवर पत्ते असतील. एकही हात वर झाला नाही.

सत्तर पाकिटांत एखादा पत्ता न येणं हे नशीब. सगळ्यांच्या सगळ्या पाकिटांत तोच एक न येणं, याला नशीब म्हणण्याइतकी मी शिकलेली नाही. जो पत्ता पाकिटात घातलेलाच नाही त्याच्यासाठी किती पाकिटं लागतील, याला सरासरी नसते. कितीही फोडा.

नागेशनं चहाचा ट्रे खाली ठेवला आणि मशीनच्या खोलीत गेला. मी मागोमाग गेले.

"नागेशभाऊ."

त्यानं पुसायचं फडकं उचललं, परत ठेवलं. "ताई, शीटच्या कोपऱ्यातला पत्ता होता तो. मशीनचा कागद धरणारा ग्रिपर झिजलाय, त्या कोपऱ्यात कागद सरकायचा. चार रंग एकावर एक बसलेच न्हाईत. बारवेच्या पायऱ्या दोन-दोन दिसायल्या होत्या. अप्पांनी बघितलं आन् म्हणले, हे माझ्या नावानं बाहेर जाणार न्हाई. सगळे एकतीस काढून रद्दीत घातले."

"आणि पाकिटं?"

"म्हणले, बाकीचे भरा. ग्रिपर बदलू, एकतीस वेगळा छापू, पुढच्या खेपेत दुप्पट घालू. पुढची खेप..." त्यानं फडकं पुन्हा उचललं. "त्याच महिन्यात अप्पा गेले."

म्हणजे वाकडा पत्ता बाहेर जाऊ द्यायचा नाही म्हणून त्यांनी अठ्ठेचाळीस लिहिलेल्या पाकिटात सत्तेचाळीसच घातले, आणि विकले. एक गोष्ट त्यांना सहन झाली नाही, दुसरी झाली. मी तिथल्या स्टुलावर बसले. बाहेरून हसण्याचे आवाज येत नव्हते.

"ताई, माझं नाव घ्या," नागेश म्हणाला. "एकतीसचा गठ्ठा मिसळायचा नागेशकडून राहिला म्हणा. मला कोण काय म्हणणार हाय? चार दिवस हसतील."

खरं म्हणजे मी हो म्हणायच्या बेतात होते. वाक्यसुद्धा तयार होतं, आणि ते वाईट नव्हतं. अप्पांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पत्रिकांतल्या चुका स्वतःच्या खर्चानं परत छापून दिल्या. हे एक वाक्य त्यांच्यासाठी कुणी बोललं तर काय बिघडणार होतं? पण ते वाक्य घेऊन रोज नागेशसमोर यावं लागलं असतं.

मी बाहेर आले.

"एकतीस नंबर कुठल्याच पाकिटात नाही," मी म्हणाले. "छपाई बिघडली होती म्हणून अप्पांनी तो काढून टाकला. नंतर घालणार होते. तोवर पाकिटं विकली. हे त्यांनीच केलं. तुमचं बरोबर होतं, काका. माझा हिशेब चुकला नव्हता, पण सगळे पत्ते पाकिटात आहेत असं धरून मी तो केला होता. पंधरा दिवसांत तो पत्ता छापते. ज्याला हवा त्यानं येऊन फुकट घेऊन जावा."

एक माणूस आपला गठ्ठा गोळा करून सरळ निघून गेला. बाकीचे जागेवरच रेंगाळले. राजेश्री मॅडमनी खोक्याचं झाकण लावत विचारलं, "चित्र कशाचं होतं?"

"वालूरच्या बारवेचं."

"आमच्याच गावाचं," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या होत्या का, मला कळलं नाही.

चंद्रभानकाका शेवटी गेले. जाताना दारात थांबले. मला वाटलं, काही लागेल असं बोलतील. ते एवढंच म्हणाले, "पाकिटं घ्यायलोय म्हणलो तवा वराडला का न्हाई त्यो माझ्यावर, म्हणून इतके दिवस इचार करायलो होतो. सत्तर पाकिटं दुकानातनं न घेता त्याच्यासमोरच घेतली असती तर वराडला असता, एकतीस न्हाई त्यात म्हणून."

ग्रिपर औरंगाबादहून मागवला. नागेशनं बसवला. आम्ही नुसता एकतीस नाही, आख्खं शीट, अठ्ठेचाळीसही पत्ते, पुन्हा छापलं आणि नवी पाकिटं भरली. बारवेच्या पायऱ्या एक-एक, सुट्या, खाली पाण्यापर्यंत. ज्यांना फुकट हवा होता ते येऊन घेऊन गेले. मॅडमनी वर्गासाठी एकच मागितला. सेलूच्या दुकानदाराचा निरोप आला नाही.

काका आले ते सगळ्यांच्या शेवटी. मी पत्ता त्यांच्यापुढे धरला.

"ठिव तिकडं," ते म्हणाले. "पाकिटात घातलाय ना आता?"

"घातलाय. सगळे सारखे."

"मंग पाकीट दे."

"काका, हा घ्या ना सरळ. पाकिटातून निघायला सरासरी बारा लागतील."

"बारा तर बारा. बसवंत असता तर हातात दिला असता का त्यानं? पाकीट दे म्हणतो ना."

ते टेबलाशी बसले आणि फोडू लागले. माळढोक, पळस, पुन्हा माळढोक. मला बघवेना. मी मशीनपाशी गेले, उगाच शाईचे डबे हलवले, परत आले. त्यांच्यापुढे पत्त्यांचा ढीग झाला होता आणि रिकाम्या पाकिटांचा दुसरा.

"बारा झाली," ते म्हणाले. "आता किती ऱ्हायली?"

"बाराच."

"म्हणजे? मी ही बारा फोडली ती?"

"ती गेली. पुढच्या पाकिटाला ती माहीत नसतात. आता इथून पुढं पुन्हा सरासरी बारा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना हसू येतंय की आणखी काही, ते मला ओळखता येईना.

"लय अवघड हाय हे," ते म्हणाले, आणि पुढच्या पाकिटासाठी हात पुढे केला.