ठकसेनाचं वाचन

त्या दिवशीही बापलेकीचं भांडण एका वाक्यावरूनच झालं.

वाक्य लेकीच्या कंपनीचं होतं. लोकांचे फोटो, घरातली रेकॉर्डिंग, जुन्या ध्वनिफिती हे सगळं जपून ठेवायची सेवा ही कंपनी पुरवत असे, आणि त्या सेवेच्या अटी इतक्या लांबलचक होत्या की वाचणाऱ्याला वाटेत दम लागावा. कुठलंही वाक्य वीस शब्दांच्या वर जाऊ द्यायचं नाही, असा वरून हुकूम सुटला होता. ते काम लेकीकडे आलं. तिची नोकरीच ती: कायद्याची भाषा माणसांच्या भाषेत आणायची.

वडील निवृत्त वकील. जन्मभर त्यांनी भाडेकरार आणि वाटणीपत्रं लिहिली, त्यामुळे लांब वाक्यांवर त्यांचा जीव. "लांब वाक्य म्हणजे बांधलेली मोळी," ते म्हणायचे. "तू दोरी कापतेस आणि म्हणतेस, बघा, कसं मोकळं झालं."

"मोळी डोक्यावर घेऊन चालणाऱ्याला विचारा, बाबा."

"विचारतो की. आण इकडे."

मग ते चष्मा पुसत आणि ठकसेन होत. ही त्यांच्या घरची जुनी रीत. लेकीने वाक्य तोडून आणायचं आणि वडिलांनी ते एखाद्या लबाड माणसासारखं वाचायचं. या वाक्याने मला बांधलंय, तर यातून निसटायचं कसं, एवढंच बघायचं. आधी कंपनीच्या बाजूने ठकसेन, मग ग्राहकाच्या बाजूने. दोन्हीकडून वाट सापडली नाही, तर वाक्य पास. अटी जगजाहीरच असल्यामुळे घरी आणायलाही अडचण नव्हती.

त्या सकाळचं वाक्य असं होतं: 'खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाने विनंती केल्यास व आवश्यक तो पुरावा सादर केल्यास, कंपनी सदर खात्यातील छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे यांची प्रत वारसास विनामूल्य देईल, आणि अशी प्रत प्राप्त झाल्याचे वारसाने कळविल्याखेरीज, कायद्याने तसे करणे भाग पडल्याचा अपवाद वगळता, सदर छायाचित्रे नष्ट करणार नाही, तसेच सदर ध्वनिमुद्रणेही नष्ट करणार नाही.'

लेकीने त्याचे चार तुकडे केले होते. 'वारसाने विनंती करावी आणि पुरावा द्यावा. मग आम्ही फोटो आणि रेकॉर्डिंगची प्रत मोफत देऊ. प्रत मिळाल्याचं वारस कळवेपर्यंत आम्ही फोटो पुसणार नाही. कायद्याने भाग पाडलं तरच अपवाद.'

वडिलांनी ते दोनदा वाचलं आणि खुर्चीत रेलून बसले. चेहऱ्यावर अस्सल बदमाश हसू.

"मी कंपनी. फोटो ठेवतो, शब्दाचा पक्का माणूस मी. आवाज मात्र आजच पुसतो. कुठल्या वाक्याने अडवणार मला?"

"असं कसं? प्रत द्यायची आहे ना आवाजाची."

"देईन की. प्रत देण्याआधी मूळ पुसू नये, असं फोटोंबद्दल लिहिलंयस. आवाज वाऱ्यावर सोडलास."

"मूळ वाक्यात तेच ते दोनदा होतं, म्हणून मी—"

"दोनदा होतं म्हणजे दोन गोष्टींसाठी होतं. तुला ते पाल्हाळ वाटलं."

लेक चिडली. चिडली, कारण वडील बरोबर होते. सकाळी सकाळी बरोबर असलेल्या माणसासारखं त्रासदायक दुसरं काही नसतं. तिने लॅपटॉप ओढला आणि लिहिलं: 'प्रत मिळाल्याचं वारस कळवेपर्यंत आम्ही फोटो किंवा रेकॉर्डिंग पुसणार नाही.' मग शब्द मोजले आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली.

"घ्या. जबाबदारी सगळी आत, आणि वाक्य तुमच्या मोळीच्या पावपट."

वडिलांनी पुन्हा एकदा ठकसेन होऊन पाहिलं. कंपनी होऊन पाहिलं, वारस होऊन पाहिलं. निसटायला फट नव्हती. "बांधलंस बुवा," ते म्हणाले, आणि चहा गार झाल्याची तक्रार तिच्या नावावर टाकून पेपर घेऊन बसले. संध्याकाळी ते कोपऱ्यावरच्या चांभाराकडून चप्पल शिवून घेऊन आले, आत्याशी फोनवर वाद घातला, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेली तेव्हा ते उठले नाहीत.

पुढचं सगळं तिने केलं. तिच्याशिवाय करणारं होतं कोण? फक्त एक गोष्ट तिच्या तोंडून निघाली नाही. आत्याला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "आत्या, तू ये." आत्याने एवढ्यावर ओळखलं. डॉक्टरांनी जे म्हणायचं ते म्हटलं, दाखल्यावर जे लिहायचं ते कारकुनाने लिहिलं. ऑफिसला तिने कळवलं, 'घरगुती कारणामुळे रजा.' शेजारच्या काकू विचारायला आल्या तर ती म्हणाली, "हो, काकू, झालं ते." काय झालं, ते वाक्य तिने कधी पुरं केलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं सोपी करणाऱ्या बाईला हे दोन शब्दांचं वाक्य जड झालं होतं.

तिच्याच कंपनीत वडिलांचं खातं होतं. तिनेच उघडून दिलेलं. त्यांची बोटं हल्ली टंकायला ऐकत नसत, म्हणून ती ऑफिसात असताना ते आपले आक्षेप बोलून ठेवत. 'कलम अकरा. मी ठकसेन बोलतोय.' तिथून सुरुवात, मग खोकला, मग वाक्याचं शवविच्छेदन. अशी कितीतरी रेकॉर्डिंग होती. ती मिळवायची तर वारस म्हणून विनंती करावी लागणार होती, आणि विनंतीच्या पहिल्याच रकान्यात ते एक वाक्य लिहावं लागणार होतं. तिने ते पान उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं.

रजा संपवून ती कामावर आली तो अटींचा मसुदा तयार होऊन तिच्या मंजुरीसाठी थांबलेला. तिच्या गैरहजेरीत साहेबीणबाईंनी स्वतः हात फिरवला होता. या बाईंना ऑफिसात सगळे 'कात्री' म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं, किंबहुना आवडत असे. अख्खा दस्तऐवज दोन पानांवर आला होता. लांब वाक्य दिसलं की लाल होणारं यंत्र आता वरपासून खालपर्यंत हिरवंगार होतं.

लेकीने आपला तक्ता उघडला. काम सुरू करण्याआधीच तिने मूळ अटींतली एकेक जबाबदारी वेगळ्या ओळीत मांडली होती: कोणी, कोणासाठी, काय करायचं, कधी, आणि अपवाद कोणता. नवं वाक्य घ्यायचं आणि तक्त्यातली ओळ त्यात सापडते का पाहायचं. सापडत गेल्या. वारसाच्या कलमापाशी ती थांबली.

'वारसाने विनंती करावी आणि पुरावा द्यावा. मग आम्ही मोफत प्रत देऊ आणि खातं बंद करू.'

वाक्यं छोटी होती, गोड होती. ठकसेनाला मात्र त्यातून नुसती वाटच नव्हे, हमरस्ता होता. खातं बंद म्हणजे आतलं सगळं पुसलं, हे दुसऱ्या कलमात लिहिलेलंच होतं. 'देऊ आणि बंद करू' यात आधी काय आणि मग काय, हे कुठेच नव्हतं. पाठवलेली प्रत वाटेत बिघडली, उघडलीच नाही, अर्धीच आली, तर मूळ तोवर गेलेलं. मजकुराच्या माथ्यावर ग्राहकांसाठी एक पट्टी होती: 'आम्ही फक्त भाषा सोपी केली आहे. तुमचे हक्क आणि आमच्या जबाबदाऱ्या होत्या तशाच आहेत.' त्या पट्टीखाली मंजुरी तिची लागणार होती.

दुपारी काचेच्या खोलीत तिघी बसल्या: कात्री, कंपनीच्या वकीलबाई आणि ती.

"मंजुरी का अडली आहे?" कात्रीने विचारलं. "तुझ्या घरचं आटोपलं ना? मग आता आपलं आटोपू."

"एक जबाबदारी गळली आहे. प्रत मिळाल्याचं वारस सांगेपर्यंत पुसायचं नाही, ही. आणि कायद्याचा अपवाद, तोही गेलाय. तो तर आपल्याच सोयीचा होता."

"अगं, प्रत देणारच आहोत आपण. तेच ते किती वेळा लिहायचं?"

"तेच ते नाही. प्रत देणं एक, आणि ती पोचेपर्यंत मूळ सांभाळणं दुसरं."

"लोकांना दोन पानं हवीत, बाई. पुराण नको."

"माझं वाक्य तुमच्या दोन पानांत बसतं. मी बसवून पाहिलंय."

कात्रीने पेन खाली ठेवलं. "मग स्पष्टच बोलते. बंद खात्यांचा ढीग सांभाळायला जागा लागते. वारस मंडळी महिनोन्‌महिने कळवत नाहीत. ती अट मी मुद्दाम काढली आहे."

"मग मुद्दाम काढली असं लिहू या."

वकीलबाई खाकरल्या. "तिचं चुकत नाही. अट बदलायचा अधिकार आपल्याला आहे. पण मग तो बदल आहे, आणि बदल म्हणूनच आगाऊ कळवावा लागेल. वर 'फक्त भाषा सोपी केली' ही पट्टी आणि खाली हे, असं जाऊ शकत नाही."

"कळवलं की लोक बिथरतात, खाती काढून नेतात."

"म्हणूनच कळवायचं असतं," लेक म्हणाली.

"तू कंपनीचा पगार घेतेस की वारसांचा?"

"कंपनीचाच. कंपनीने मला जबाबदाऱ्या न हरवता वाक्यं तोडायला ठेवलंय. हरवायच्या असतील तर त्याला माझी गरज नाही, कोणीही करेल. पण ती मंजुरी माझ्या हातून जाणार नाही. आज नाही, आणि उद्या तुम्ही मला या खोलीबाहेर काढलंत तरी नाही."

आवाज चढला नव्हता. काचेपलीकडे दोघं-तिघं मात्र उगीचच पाणी प्यायला उठले.

कात्रीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने खुर्ची पुढे ओढली. "तत्त्व पुरे झालं. मला माणूस दाखव. या ओळीवाचून ज्याचं खरोखर अडलंय असा एक माणूस. एकाही वारसाची तक्रार माझ्या टेबलावर नाही. कोणासाठी भांडतेस तू?"

लेकीला वाटलं, हिला तक्त्यातली ओळ दाखवावी. मग वाटलं, उठून जावं. वकीलबाई तिच्याकडे बघत होत्या. प्रश्न साधा होता. त्याचं उत्तरही साधं होतं, आणि ते देण्यावाचून ही ओळ वाचणार नव्हती. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"माझ्यासाठी," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"माझे बाबा वारले. त्यांचा आवाज आपल्याकडे आहे. मला त्याची प्रत हवी आहे, आणि ती नीट मिळाली असं मी सांगेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही."