दुसरी मोजणी

नांदुऱ्याच्या स्टेशन रोडवर भालचंद्र चिंचोळे यांचे दहावी-बारावीच्या गणिताचे क्लासेस आहेत. रविवारी मुलांना सुट्टी असते. त्या दिवशी सकाळी दहा वाजता त्याच खोलीत तीन मोठी माणसं येऊन बसायची. भागवत कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम करायचा. कुशल बी-बियाण्यांच्या दुकानाचा हिशेब लिहायचा. आणि राखी तहसीलसमोर ऑनलाइन फॉर्म भरून द्यायची. तिघंही मोबाइलवर थोडीफार क्रिप्टोची खरेदी-विक्री करायचे आणि सरांकडून चार्टवरच्या लाटा मोजायला शिकायचे.

सर फी घेत नसत. त्यांना समोर फळा आणि ऐकणारी माणसं मिळाली की पुरे होतं.

शिकवणं मात्र स्वच्छ. "किंमत ज्या दिशेला जोरात जाते, तिथं पाच लाटा दिसतात. एक, तीन, पाच पुढे. दोन आणि चार मागे. हा झाला इम्पल्स. मग त्याच्या उलट तीन लाटांची दुरुस्ती, ए-बी-सी. नियम तीनच. दुसरी लाट पहिलीच्या सुरुवातीच्या खाली जात नाही. पहिली, तिसरी, पाचवी यांत तिसरी सगळ्यात लहान नसते. आणि चौथी पहिलीच्या हद्दीत शिरत नाही."

फेब्रुवारीत सर एका लहानशा नाण्याचा चार्ट अभ्यासत होते. बरीच पडझड होऊन ते शंभर रुपयांवर टेकलं होतं. तिथून एकशे चाळीसला गेलं, एकशे अठराला परत आलं आणि मग सरळ एकशे त्र्याऐंशीला पोचलं. आता हळूहळू खाली येत होतं. सरांनी लॅपटॉपवर आकडे टाकले: एक, दोन, तीन, आणि चालू आहे ती चौथी. तिसरी लाट पहिलीच्या एक पूर्णांक सहा पट निघाली. पुस्तकी गुणोत्तर. सरांना फार बरं वाटलं.

मग सवयीने त्यांनी त्याच चार्टवर लाल रंगात दुसरी मोजणीही केली. त्याच तीन टप्प्यांना ए, बी, सी म्हटलं. म्हणजे ही वाढ मोठ्या घसरणीतली नुसती दुरुस्ती, आणि ती संपलेली. पुढे शंभरच्याही खाली. गुणोत्तर इथेही तेच बसत होतं, कारण 'सी' लाटही 'ए'च्या दीडपटीहून जास्त असू शकते. चार्ट एक, अर्थ दोन, आणि नियम दोन्हीकडे पाळलेले.

चौघांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकण्याआधी सरांनी तो चार्ट दोन-तीनदा पाहिला. लाल अक्षरांमुळे तो गिचमिड दिसत होता. शिवाय दोन्ही टाकले तर कुशल म्हणणार, "सर, मंग नक्की काय?" या प्रश्नाचं उत्तर सरांकडे नव्हतं. त्यांनी लाल मोजणी पुसली आणि उरलेला चार्ट पाठवला. खाली लिहिलं: 'चौथी लाट एकशे साठच्या आसपास संपेल. मग पाचवी. एकशे चाळीस तुटलं तर मोजणी चूक.'

राखीने एकशे साठला घेतलं. तिने किती घेतलं ते सरांना नंतर कळलं. तिची सगळी चार वर्षांची शिल्लक होती.

दहा दिवसांनी भाव एकशे एकोणचाळीसला आला. दुपारी दोनला राखीचा फोन आला.

"सर, चाळीसच्या खाली गेलं. चौथी पहिलीत घुसली ना? इकून टाकू का?"

सर लॅपटॉपसमोरच बसले होते. खरं उत्तर एका शब्दाचं होतं. पण आपण ग्रुपवर इतक्या ठामपणे लिहिलं, आणि आता चूक म्हणायचं, हे त्यांच्या जिभेवर येईना.

"थांबा. मी बघतो," ते म्हणाले.

त्यांनी आकडे हलवले. मघाची तिसरी लाट आता तिसरीची फक्त पहिली पायरी झाली, आणि ही घसरण त्या लहान पायरीची दुसरी लाट. असं मोजता येतं, नियम मोडत नाही. फक्त मोजणी चूक ठरवणारी रेषा एकशे चाळीसवरून एकशे अठरावर सरकते. शिवाय पुढची तिसरी लाट आणखी मोठी निघते. सर स्वतःही क्षणभर खूश झाले.

पण नवीन चार्ट पाठवण्याआधी त्यांनी आपल्या खात्यातलं ते नाणं अर्धं विकून टाकलं. सावधगिरी, असं मनाशी म्हणाले. मग ग्रुपवर लिहिलं: 'मोजणी सुधारली आहे. मोठी तिसरी लाट अजून बाकी. एकशे अठरापर्यंत काळजी नाही.'

राखीने जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

एकशे अठरा एका शुक्रवारी सकाळी तुटलं. सर वर्गात समीकरणं शिकवत होते. मधल्या सुट्टीत बघितलं तर भाव शंभरच्या खाली होता. आठवड्याने राखीने ऐंशीला विकलं. एकशे चाळीसला निघाली असती तर तिचा आठवा हिस्सा गेला असता. आता अर्धे पैसे गेले.

पुढच्या रविवारी ती वही घेऊन आली. बसण्याआधीच म्हणाली,

"सर, माह्यंच चुकलं. मले लाटा नीट मोजता येत नाईत. घरी पंधरा चार्ट काढले मी या हप्त्यात. तुम्ही तपासून द्या."

तिने वही पुढे केली. पेन्सिलने काढलेल्या लाटा, प्रत्येकीवर आकडा, खोडून परत लिहिलेला. एका पानावर तिने स्वतःलाच लिहून ठेवलं होतं: 'घाई करायची नाही. सरांसारखं शांत पाहायचं.'

सरांनी तीन पानं तपासली. चौथ्यावर त्यांचा हात थांबला. "डोकं दुखतंय," म्हणाले आणि वर्ग लवकर सोडला.

घरी स्नेहलता, त्यांची बायको, पोळ्या लाटत होती. त्यांनी ओट्याला टेकून तिला सगळं सांगितलं. पुसलेली लाल मोजणी, सरकवलेली रेषा, आणि विकलेलं अर्धं. तिला लाटांतलं काही कळत नव्हतं. तिने शेवटचंच धरलं.

"म्हंजे तुम्ही स्वतः निघाले अन् तिले म्हटलं थांब?"

"अर्धाच निघालो."

"अर्धं काऊन निघाले? भरोसा होता तर?"

स्नेहलताने पोळी उलटली.

"ती पोरगी स्वतःले दोष देऊन राह्यली," ती म्हणाली. "तिच्या अंगावरचा दोष आधी उतरवा."

आठवडाभर सर शिकवताना फळ्यावर उत्तर लिहायचे आणि ते बरोबर आहे का, म्हणून पुन्हा पुन्हा पडताळायचे. मुलं हसायची.

रविवारी त्यांनी एका चार्टच्या चार छापील प्रती आणल्या. नाव नाही, तारीख नाही, फक्त वर-खाली जाणारी रेघ. तिघांना वेगवेगळ्या बाकांवर बसवलं, चौथी प्रत स्वतः घेतली. "पंधरा मिनिटं. एकमेकांचं बघायचं नाही. लाटा मोजा आणि पुढे काय ते लिहा."

मग चारही कागद फळ्यावर चिकटवले. भागवतने पाच लाटा पूर्ण मोजल्या होत्या, पुढे घसरण. कुशलची तिसरीच चालू होती. पुढे मोठी वाढ. राखीने ए-बी-सी लिहिलं होतं. सरांची चौथी लाट होती.

"बरोबर कोणाचं?" कुशलने विचारलं.

"चौघांनीही नियम मोडलेला नाही."

"तसं कसं, सर? उत्तर तं एकच असन ना?"

"गणितात असतं. इथं नसतं," सर म्हणाले. "पुढचं घडून गेलं की मग एकच मोजणी उरते, आणि वाटतं ती आधीपासून दिसतच होती. आधी नाही दिसत. कुठून मोजायला सुरुवात करायची, कोणती वळवळ लाट धरायची, कोणती सोडायची, हे मोजणारा ठरवतो. ज्याच्याकडे ते नाणं आहे त्याला बहुतेक वेळा वाढच दिसते. यातून फक्त ढोबळ अंदाज निघतो: असं झालं तर हे, तसं झालं तर ते, आणि इथं तुटलं तर मी चुकलो. त्याच्यावर शिल्लक लावायची नसते."

"हे आधी काऊन नाई सांगतलं?" भागवत हळूच म्हणाला.

सरांनी लॅपटॉप फिरवला. लाल मोजणी पुसली तरी फाइलची जुनी प्रत राहिली होती. काळ्या एक-दोन-तीनच्या शेजारी लाल ए-बी-सी, आणि खाली जाणारा लाल बाण.

"हे मला त्याच दिवशी दिसलं होतं. मी पुसून पाठवलं. दोन उत्तरं दिली तर तुम्ही मला कमी समजाल, असं वाटलं." त्यांनी राखीकडे बघितलं आणि मान खाली घातली. "एकशे चाळीस तुटलं तेव्हा तुमचं बरोबर होतं. चौथी पहिलीत शिरली होती. तिथंच मोजणी संपली होती. मी रेषा सरकवली. आणि तुम्हाला कळवण्याआधी माझं अर्धं विकलं."

कुशल बाकावरून उठला. "हे तं लय झालं, सर," म्हणाला आणि चपला पायात अडकवून निघून गेला. भागवत बसून राहिला, पण त्याने सरांकडे पाहिलं नाही.

राखीने फळ्यावरचा आपला कागद काढून घेतला.

"मी फोन केला तवा," ती म्हणाली, "मले समजलं होतं. म्हंजे मी मूर्ख नव्हती."

"नव्हत्या."

"पंधरा चार्ट काढले मी. रडत रडत काढले." तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. "पैसे गेले ते मीच लावले होते, त्याचं तुमच्यावर नाई टाकत. पण हे तुम्ही त्याच रविवारी सांगाले पाह्यजे होतं."

"हो."

"वही तपासली तुम्ही माही. तीन पानं. तवाबी नाई सांगतलं."

ती गेली.

त्याच संध्याकाळी सरांनी ग्रुपवर दोन्ही चार्ट टाकले, काळ्या-लाल दोन्ही मोजण्यांसह, आणि कोणत्या दिवशी काय लपवलं आणि काय विकलं ते तारखेनिशी लिहिलं. कुशल ग्रुप सोडून गेला. नांदुऱ्यात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. दोन पालकांनी क्लाससमोर त्यांना उलटसुलट विचारलं. सरांनी दोघांनाही खरं तेच सांगितलं. त्यातल्या एकाने मुलीचं नाव क्लासमधून काढलं.

रविवारची बैठक बंद झाली. भागवत अधूनमधून येतो. सर आता एखादा चार्ट दाखवतात तेव्हा किमान दोन वाटा काढतात, आणि प्रत्येकीखाली ती कुठे खोटी ठरेल तो आकडा लिहितात. रेषा एकदा लिहिली की हलवत नाहीत. स्वतः फार क्वचित घेतात, तेही गेलं तर चालेल एवढंच. भागवत म्हणतो, "आता मजा नाई राह्यली, सर." सर म्हणतात, "नाहीच राहिली."

मे महिन्यात भर दुपारी बसस्टँडवर त्यांना राखी दिसली. मलकापूरच्या गाडीची वाट बघत होती. सरांना वाटलं, ती तोंड फिरवेल. त्यांनी स्वतःच पाऊल मागे घेतलं. पण तिने हाक मारली.

"सर, ऊन लय आहे. इकडं सावलीत या."

ते जाऊन उभे राहिले. "कसं चाललंय?" एवढंच विचारलं.

"चाललं. फॉर्मची गर्दी आहे सध्या. चार्ट नाई पाहत मी आता." तिने पदराने कपाळ पुसलं. "मी तुम्हाले माफ नाई केलं, सर. खोटं काऊन बोलू? पण तुम्ही स्वतःहून सांगतलं, म्हणून बोलून राह्यली."

"तेवढं पुष्कळ आहे," सर म्हणाले.

"पुष्कळ नाई," ती म्हणाली, "पण आहे तेवढं आहे."

गाडी आली. गर्दीत तिची पिशवी अडकली. सरांनी ती खालून उचलून खिडकीतून आत दिली. तिने ती घेतली, मांडीवर ठेवली आणि समोर पाहिलं. गाडी निघून गेल्यावरही सर थोडा वेळ तिथंच उभे होते. मग चारच्या बॅचची वेळ झाली म्हणून क्लासकडे चालू लागले.