दहाच्या तासाचा तिढा

जुन्नरच्या त्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या 'अ' तुकडीला सकाळी दहाला भूगोलही लावलेला अन् अर्थशास्त्रही. पोरांनी बसायचं तरी कुठं? अर्थशास्त्र शिकवणाऱ्या सायराबानूचं डोकंच फिरलं. ती तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर होती, तरी कायमवाले गप्प बसले म्हणून तिनंच विभागप्रमुख मुथा सरांकडे लेखी प्रस्ताव दिला. 'ब' तुकडीला सर स्वतः बाराला अर्थशास्त्र शिकवायचे. तिनं लिहिलं, दोन्ही तुकड्या बाराला मोठ्या हॉलमध्ये एकत्र बसवा, दहाला नुसता भूगोल राहील.

"लई झ्याक!" सर म्हणाले. तिला वाटलं, एकदाचं कुणीतरी ऐकलं.

सोमवारी सूचनाफलकावर नवं वेळापत्रक लागलं. दहाला भूगोल, बाराला एकत्र अर्थशास्त्र, शिक्षक मुथा. तिचं नाव कुठंच नव्हतं.

"वर्ग एक झाला, म्हणजे शिक्षकही एकच," सर समजावू लागले. "तासांचा वर्कलोड आधी कायम माणसाचा भरायचा असतो, मॅडम. नियमच आहे."

"म्हणजे मी घरी बसू?"

सरांनी तिचाच कागद पुढं सरकवला.

"तेवढी इथं सही राहिलीय. बदल तुमच्याच सूचनेवरून झाला, असं प्राचार्यांना दाखवायचंय."