ओल दाखवणारा दिवा

योगेश सरांनी पहिल्याच प्रॅक्टिकलला आमच्या हातात एकेक डबा दिला आणि म्हणाले, "ह्यातून काय करायचं ते तुम्हीच निवडा." डब्यात एक ब्रेडबोर्ड, म्हणजे सोल्डर न करता तारा खुपसायची ती भोकाभोकांची पांढरी पट्टी, काही एलईडी, काही रेझिस्टर, चार ट्रान्झिस्टर आणि नऊ व्होल्टची बॅटरी. बस. अमरावतीच्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश घेतला म्हणून घरी मिरवून आलेल्या आम्ही मुली. आम्हाला वाटलं होतं पहिल्या दिवशी निदान रोबो तरी देतील.

सगळ्या वर्गाला एकच पाहिजे होतं, उघडझाप करणारे दिवे. सरांनी ते फळ्यावर लिहिलं आणि त्यावर रेघ मारली. "कपॅसिटर कुठे आहे डब्यात? विजेला साठून थांबायला जागाच नाही तर दिवा आपोआप लुकलुकणार कसा? आहे त्यात बघा." मग त्यांनी सुचवलं. बोट लावलं की पेटणारा दिवा. दोन ट्रान्झिस्टर एकमेकांना जोडून एकदा पेटला की विझवेपर्यंत पेटलेला राहणारा दिवा. दोन्ही तारा टेकवल्या तरच पेटणारा दिवा. आणि सगळ्यात शेवटी, ओल दाखवणारा दिवा. मी पेटून राहणारा निवडला, कारण त्यात डोकं कमी आणि रुबाब जास्त होता. मी धामणगाव रेल्वेची, धान्याच्या अडतीवर वाढलेली. कमी कष्टात जास्त दिसेल तो माल आम्हाला चटकन कळतो.

माझी रूममेट पौर्णिमा मात्र डबा मांडीवर घेऊन बसून राहिली.

"काय वं, मुहूर्त पाहून राहिली का?" मी विचारलं.

"मी ओलीचा करतो," ती म्हणाली. "बाबासाठी."

तिचे बाबा खुशालराव. दर्यापूरच्या पलीकडे, पूर्णेच्या खोऱ्यात त्यांचं वावर. दसऱ्याचा झेंडू लावणारं घर. पाणी द्यायचं की नाही हे ते आयुष्यभर एकाच पद्धतीने ठरवत आले. सरीतली माती वीतभर खोलून मुठीत दाबायची, बोटांनी चोळायची, आणि मग काय ते सांगायचं. पण साखरेच्या आजाराने त्यांची बोटं बधिर झाली होती. गरम कप हातात धरला तरी कळत नव्हतं, तिथे मातीचं काय कळणार? तिचा मोठा भाऊ मनोज अकोल्याला नोकरीला. त्याने सरळ सांगून टाकलं होतं की ह्या वर्षीचा झेंडू बाबांना सांभाळता आला नाही, तर वावर गावातल्या पुंजारामला बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने कसायला द्यायचं आणि बाबांनी घरी बसायचं. खुशालरावांनी हो म्हटलं होतं. वावरातून बाहेर काढलेला माणूस ओट्यावर बसून काय करतो हे पौर्णिमेने तिच्या मोठ्या काकांच्या बाबतीत पाहिलं होतं, आणि ते आठवलं की तिला जेवण जात नसे.

सरांना तिने निवड सांगितली तेव्हा ते जरा थबकले. म्हणाले, "पहिल्या खेपेला बोटाचा दिवा घे. तो फसत नाही. मातीमातीत फरक असतो." तिने मान हलवली. तेवढ्यात दुसऱ्या कोणीतरी ट्रान्झिस्टर उलटा लावून तापवला आणि सर तिकडे धावले.

जोडणी सोपी होती. दोन खिळे. एक बॅटरीच्या अधिकला, दुसरा रेझिस्टरमधून ट्रान्झिस्टरच्या बेसला. माती ओली असली की एका खिळ्यातून दुसऱ्या खिळ्याकडे थोडा करंट जातो, तो बेसला मिळतो, आणि ट्रान्झिस्टर एलईडी पेटवतो. माती कोरडी तर दिवा बंद. एका ट्रान्झिस्टरवर दिवा मिणमिणता लागत होता. बाबांना उन्हात दिसला पाहिजे म्हणून तिने पहिल्याच्या मागे दुसरा लावला. आता एवढ्याशा करंटनेही हिरवा दिवा ठसठशीत पेटायचा. हॉस्टेलच्या मोगऱ्याच्या कुंडीत तिने तो रोज लावला. पाणी घातलं की पेटे, माती वाळली की विझे. मी माझा पेटून राहणारा दिवा दाखवायला गेले तर तिने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मला राग आला. मग कुंडीपुढे उकिडवी बसलेली ती पाहून गेलाही.

गणपतीच्या सुट्टीत ती तो दिवा डब्यात घालून घरी घेऊन गेली. नुकताच पाऊस झाला होता. सरीत खिळे खुपसले, दिवा पेटला. खिळे पुसून कोरड्या रेतीत खुपसले, दिवा विझला. तिने बाबांना शिकवलं की पाहायच्या वेळी तेवढी बॅटरी जोडायची, नाहीतर उतरते. खुशालरावांनी म्हणे तो डबा भिंतीतल्या देवळीत ठेवला आणि आल्यागेल्याला सांगितलं, "पोरीनं मले नवे बोटं करून देल्ले." हे मला सांगताना पौर्णिमा हसली होती. तिला तसं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

मग पावसाने दडी मारली. ऊन असं तापलं की अमरावतीत दुपारी रस्ते रिकामे. पौर्णिमा फोनवर रोज विचारायची, "बाबा, दिवा?" आणि तिकडून उत्तर यायचं, "पेटते ना बापा. ओल हाये."

दसऱ्याच्या आधल्या आठवड्यात ती मला म्हणाली, चाल, फुलं तोडायला. आम्ही दर्यापूरची एसटी धरली. मी पिशव्यासुद्धा घेतल्या होत्या, हॉस्टेलवर झेंडू आणायला.

वावरात गेलो आणि ती बांधावरच थांबली. झेंडूची झाडं उभी होती, पण पानं सुरळी होऊन करपलेली, कळ्या न उमलताच तपकिरी पडलेल्या. शेततळ्यात पाणी तसंच होतं. पावसाचं गोडं पाणी, न वापरलेलं. ते पाणी पाहून मला रडू आलं, आणि ते माझं वावरही नव्हतं.

खुशालराव सरीत उकिडवे बसले होते. तिची आई आशाबाई थोडी दूर, पदर तोंडाला लावून.

"बाबा, पानी काहून नाई देल्लं?"

"दिवा पेटत होता," ते म्हणाले. बॅटरी जोडून त्यांनी खिळे मातीत दाबले. भेगा पडू लागलेल्या त्या मातीत हिरवा दिवा ठसठशीत पेटला. "पाह्य. आताई पेटते."

"मी म्हणत होतो ह्यायले," आशाबाई म्हणाल्या. "झाडायनं माना टाकल्या, पानी द्या, म्हणत होतो."

"पानी जास्त झालं तरी झाड मानच टाकते. ओलीत अजून पानी देल्लं तर मुळं सडतात. दिवा तं ओल म्हणत होता." खुशालराव हे आमच्याकडे न बघता बोलले. "मले वाटलं माह्ये डोळेबी गेले बोटावानी. लेकीचं यंत्र खोटं कसं असन?"

पौर्णिमेने मातीचं ढेकूळ उचललं आणि त्यावरची पांढुरकी साय नखाने खरवडली. तिथली माती खारी. खारपाणपट्टा म्हणतात त्या भागाला. विहिरीचं पाणी पिववत नाही, म्हणून तर शेततळं. ती तिथेच जन्मलेली, लहानपणापासून त्या पाण्याला तोंड वाकडं करत आलेली. आणि दिव्याची परीक्षा तिने केली हॉस्टेलच्या कुंडीतल्या गोड्या मातीत. मीठ असलं की थोड्याशा ओलीतूनही करंट सहज जातो, आणि वरून दोन ट्रान्झिस्टर. झाडाला ओढता येऊ नये एवढीच ओल उरली होती, आणि दिव्याला ती भरपूर होती.

मी तिला म्हणणार होते की सरांनी सांगितलं होतं. जीभ चावली. कधीकधी मलाही कळतं.

ती बांधावर बसली आणि ब्रेडबोर्ड मांडीवर घेतला. दुसरा ट्रान्झिस्टर उपटला. मग बेसकडे जाणाऱ्या खिळ्यापासून बॅटरीच्या वजाकडे एक रेझिस्टर टाकला, म्हणजे थोडाथोडका करंट तिकडूनच निघून जावा आणि बेसपर्यंत जोर पोचू नये. दिवा विझेना. त्याहून कमी ओहमचा टाकला. दिवा जरा मंदावला. त्याहून कमी टाकला आणि दिवा विझला. तिने तळ्यातून तांब्याभर पाणी आणून खिळ्यांपाशी ओतलं. पाणी मुरलं, आणि दिवा पेटला. दोन हात सरकून कोरड्यात खुपसला, विझला. एका रेझिस्टरचं काम होतं. ते गणपतीतच, ह्याच मातीत, पाऊस ओसरेपर्यंत थांबून करायला हवं होतं.

"बाबा, आता बरोबर सांगते. पाहा ना."

खुशालरावांनी पाहिलं. नीट पाहिलं, दोन्ही ठिकाणी. "हो," ते म्हणाले. "आता बरोबर हाये."

ती आशेने त्यांच्याकडे बघत राहिली. मला ती आशा बघवेना.

संध्याकाळी मनोज आला अकोल्याहून. तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. पुंजारामला घेऊनच आला होता आणि सगळे पुन्हा वावरात गेलो. पुंजाराम भला माणूस. करपलेल्या झेंडूकडे बघून त्याने नुसतं "अरारा" केलं. खुशालरावांनी स्वतःच त्याला बांध दाखवले, तळ्यावरचा पंप दाखवला, कुठल्या कोपऱ्यात पाणी तुंबतं ते सांगितलं. पौर्णिमा माझा हात धरून उभी होती आणि तिची नखं माझ्या मनगटात रुतत होती.

सगळं सांगून झाल्यावर ते तिच्याकडे वळले. "तो डबा पुंजारामले देजो पोरी. त्याले कामी येईन. कसा पाहायचा ते समजावून सांग त्याले."

"बाबा, तो तुमच्यासाठी केला."

"मले आता काय पाहायचं हाये त्याच्यात?"

तिने डबा पुढे केला. पुंजारामने डबा घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि अगदी मायेने परत दिला.

"राहू दे वं बाई, तुह्या कॉलेजात लागन. मले काय गरज?"

मग तो सवयीने खाली वाकला, सरीतली माती वीतभर खोलली, मुठीत दाबली आणि बोटांनी चोळली. "कोरडीठाक हाये," तो म्हणाला.

खुशालराव त्याच्या बोटांकडे बघत होते. मग त्यांनी आपले दोन्ही हात सदऱ्याच्या खिशात घातले आणि घराकडे चालू लागले.