झाकलेली गोलाई

रत्नदीपने पाठवलेला फोटो मंगळवारी साडेअकराला आला. तो आमच्या ड्राफ्टिंगच्या वर्गातला गेल्या वर्षीचा विद्यार्थी. आता चिंचोळी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला बसतो. फोटोखाली लिहिलं होतं, "मॅडम, माझं इथलं पहिलं ड्रॉइंग. यावरून आतापर्यंत तीन नग बनले."

मी फोटो मोठा करून पाहिला. होइस्टचा, म्हणजे वजन उचलायच्या यंत्राच्या ड्रमचा शाफ्ट होता. मापं स्वच्छ, रेषा नेमक्या. पन्नास मिलिमीटरचा व्यास एका पायरीवर पस्तीसवर उतरत होता आणि त्या पायरीच्या आतल्या कोपऱ्यात नुसता काटकोन होता.

मी लगेच फोन लावला.

"रत्नदीप, पायरीला गोलाई का नाही?"

"हाय की मॅडम. चारची दिलीय मी मॉडेलमध्ये."

"ड्रॉइंगमध्ये दिसत नाही."

"दिसत न्हाय व्हय? मग झाकलेली असंल. भाग काढून झाला की शेवटी झाकतो ना आपण. तुमच्या कार्डात हाय तसंच केलं."

माझ्या टेबलावर तीच कार्डं होती.

दोन वर्षांपूर्वी मी एका इंग्रजी ट्युटोरियलचं मराठी करायला घेतलं. वैराग, होटगीकडून येणारी मुलं हाताने उत्तम ड्रॉइंग काढायची, पण स्क्रीनवरच्या आज्ञांपुढे बिचकायची. म्हणून प्रत्येक आज्ञेचं चित्र, शेजारी मराठी नाव आणि खाली पायऱ्या, अशी कार्डं केली. स्केचला रेखाटन. एक्स्ट्रूडला कोशात बहिःसारण मिळालं, ते वाचून वर्ग हसला. सपाट वर्तुळाला उंची देऊन दांडा उभा करायचा, म्हणून मी उभारणी ठेवलं. फिलेटला गोलाई. सप्रेस म्हणजे एखादी क्रिया न पुसता तात्पुरती बंद ठेवणं. त्याला मी आधी दडपणे लिहिलं होतं.

"मॅडम, हे तर एखादं प्रकरण दडपल्यागत वाटतंय," रत्नदीपच म्हणाला होता. मग झाका आणि उघडा ठरलं.

आमचे कॉम्प्युटर जुने. वीस-पंचवीस भागांची जुळणी उघडली की अडकायचे. ट्युटोरियलमध्येच उपाय होता: जुळणी हलकी राहावी म्हणून प्रत्येक भागातल्या गोलाया झाका, ड्रॉइंग काढण्यापूर्वी पुन्हा उघडा. पहिलं अर्धं वाक्य मी सगळ्या कार्डांवर शेवटची पायरी म्हणून घेतलं. दुसरं अर्धं ड्रॉइंगच्या धड्यात घालायचं ठरवलं. तो सतरावा धडा. माझं भाषांतर चौदाव्यावर थांबलं होतं. ड्रॉइंग मुलं व्हिडिओ बघून शिकली. व्हिडिओतल्या भागात काही झाकलेलं नव्हतं, त्यामुळे उघडण्याचा प्रश्नच तिथे आला नाही.

मी स्कूटर काढली.

वर्कशॉपचे मालक शिवलिंगप्पा दारातच उभे होते. रत्नदीपने त्यांना सांगितलं होतं, पण किती ते कळत नव्हतं.

"या मॅडम. पोरगं सकाळपासनं चांगलं होतं, तुमचा फोन आला आन् तोंड पडलं. काय झालं ओ?"

मी रत्नदीपकडून ड्रॉइंगचा कागद घेऊन टेबलावर ठेवला आणि पायरीच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. व्यास अचानक बदलतो तिथे ताण एका रेषेवर गोळा होतो. शाफ्ट फिरतो तसा तो दर फेऱ्याला उलटसुलट बसतो. पहिल्या दिवशी काही होत नाही. शंभराव्या दिवशीही कदाचित नाही. गोलाई असली की तोच ताण पसरतो.

शिवलिंगप्पांनी लेथकडे पाहून हाक मारली. "बिरप्पा!"

टर्नर बिरप्पा हात पुसत आले. साठीला टेकलेले. ड्रॉइंग त्यांनी लगेच ओळखलं.

"म्या इचारलं हुतं ह्याला, हितं रेडियस न्हाय का म्हणून. हा म्हनला, ड्रॉइंगप्रमाणं करा. कॅडवालं साहेब! मग क्वापरा टोकदार टूलनं साफ काढून दिला."



"चूक त्याची नाही," मी म्हणाले. "कार्ड माझं आहे."

"कुणाची ते मागनं बघू," शिवलिंगप्पा म्हणाले. "नग कुटं हायत?"

एक फडताळात होता, न वापरलेला. दुसरा याच शेडमधल्या होइस्टवर, पाच महिने चालू. तिसरा अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात, सुताची बीमं, म्हणजे सूत गुंडाळलेले जड रूळ, उचलायच्या होइस्टवर.

शेडमधला होइस्ट बंद केला. हूक रिकामा होता. बिरप्पांनी शिडी लावली, पायरीजवळचं ग्रीस पुसून काढलं. वेल्डिंगचे सांधे तपासायचे स्प्रे वर्कशॉपमध्ये होतेच. आधी लाल रंग मारला. दहा मिनिटं थांबलो. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. मग तो रंग फडक्याने पुसून वर पांढरा स्प्रे दिला. तडा असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो.

"काय न्हाय बघा," शिवलिंगप्पा म्हणाले.

"थांबा अजून."

आधी एक ठिपका आला. मग शेजारी दुसरा. ठिपके एकमेकांना मिळाले आणि पायरीच्या कोपऱ्याला धरून केसासारखी लाल रेघ चढत गेली. बिरप्पांनी हाताने शाफ्ट हळूच फिरवला. रेघ मागच्या बाजूलाही होती. जवळजवळ अर्ध्या घेरापर्यंत.

"ह्याच्याखाली मी रोज उबा राहतो," बिरप्पा म्हणाले, आणि शिडीवरून उतरले.

"तिकडे कारखान्यात किती वजन असतं?" मी विचारलं.

"भरलेलं बीम पाचशे किलोला जातं," रत्नदीप म्हणाला. "आन् तिथं दिवसाला चाळीस वेळा उचलतात. आपलं धा-बारा वेळा."

शिवलिंगप्पांनी कारखान्यातल्या हरिदास मुकादमाला फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलला. त्यांनी स्पीकर चालू केला. मागून यंत्रमागांचा खडखडाट येत होता.

"बोला अण्णा! जरा थांबता का, बीम वर हाय, लावून घेतो."

"हरिदास, होइस्टखाली कोण हाय?"

"चौघं हायत की. का ओ?"

"आधी माणसं बाहेर काढ. बीमला हात लावू नका. शाफ्टला तडा असणार."

"तडा? काय बी सांगता अण्णा, सकाळधरनं चालतंय."

मी फोन हातात घेतला. "हरिदासभाऊ, मी ड्रॉइंग शिकवणारी बाई बोलतेय. इथला जुळा शाफ्ट आत्ता तपासला. अर्धा चिरलाय. आधी माणसं."

पलीकडे तो ओरडला. "ए, बाहेर व्हा! सगळी! सयाजी, सोड ते, भाईर ये!" एकेक माग बंद होत खडखडाट कमी झाला. मग तो पुन्हा फोनवर आला, आवाज उतरलेला. "काढली सगळी. एवढं खाली घेऊ का हळूच? बटनाची दोरी लांब हाय, मी लांबच हाय."

"नको. मोटर चालू करू—"

पण त्याने बटण दाबलं होतं. मोटरचा गुरगुराट ऐकू आला, तीन सेकंद, चार. मग कडकन एकच आवाज, आणि मोटर थांबली.



"हरिदास!" शिवलिंगप्पा ओरडले.

"हाय अण्णा. हितंच हाय." तो धापा टाकत होता. "पडलं न्हाय. एका अंगाला कलंडलं आन् अडकलंय. शाफ्ट वाकडा दिसतोय."

"माणसं?"

"सगळी दारात हायत."

"तिथेच राहू द्या," मी म्हणाले. "आत कुणी जायचं नाही. तुम्हीही नाही. मेन स्विच बाहेर आहे ना? तो पाडा."

शिवलिंगप्पांनी गाडीची किल्ली घेतली. बिरप्पा साखळ्या आणि आधाराचे ठोकळे मागच्या बाजूला टाकायला लागले. रत्नदीप माझ्याजवळ आला.

"मॅडम, ह्या वर्षीच्या पोरांनी माझ्याकडनं कार्डं नेलीत. त्यातले तीन जण कामाला बी लागलेत. कुटं कुटं ते मला ठावं हाय."

"गाडीत बस," मी म्हणाले. "वाटेत एकेकाला फोन लाव. काय काय काढलं ते विचार."

रस्त्याला लागलो तेव्हाही हरिदासचा फोन चालूच होता. बंद कर असं त्याला कुणी म्हणालं नाही. माग थांबले होते. त्या शांततेत अडकलेल्या बीमखाली लोखंडाचं बारीक करकरणं ऐकू येत होतं. थांबायचं, आणि पुन्हा यायचं.