दंडाचा घेर

द्वारकेच्या चौकापासून हाकेच्या अंतरावर किशोरशेठचं सर्जिकल वस्तूंचं दुकान आहे. व्हीलचेअर, कमरेचे पट्टे, वाफेची यंत्रं, रक्तदाब मोजायची मशीन. गेल्या दोन वर्षांपासून अर्धा माल ऑनलाइन जातो, आणि त्या मालाची माहिती मराठीत लिहायचं काम उज्वलाकडे. ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरंही तीच देते, म्हणून प्रत्येक माहितीखाली आणि उत्तराखाली ‘उज्वला, ग्राहक सेवा’ असं छापून येतं. मजकूर शेठच्या मनाचा असला तरी नाव उज्वलाचं. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची ही शेठची जुनी हातोटी.

रक्तदाबाच्या मशीनची माहिती मात्र तिने जीव ओतून लिहिली होती. तिच्या सासूबाईंना रक्तदाब, त्यामुळे लोक काय वाचतात आणि काय सोडून देतात ते ती घरातच बघत आली होती. तिने लिहिलं: ‘योग्य मापाचा पट्टा नीट बांधला तरी, कंपनीच्या माहितीनुसार, दाबाच्या आकड्यात तीन मिलिमीटर आणि नाडीच्या आकड्यात पाच टक्के इतका फरक येऊ शकतो. सोबतचा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी आहे. चार एए पेन्सिल सेल लागतात, ते सोबत मिळत नाहीत. हे मशीन रोगाचं निदान करत नाही. आकडा बघून गोळ्या स्वतः कमी-जास्त करू नका.’

पण सेंटिमीटर कोणाच्या घरात बोलतात? म्हणून तिने आणखी एक ओळ घातली: ‘दंडाच्या मधोमध टेप लावून मोजा. साडेबारा इंचांपर्यंत घेर असेल तरच हा पट्टा चालेल. ब्लाउजच्या बाहीचं माप धरू नका, त्यात शिलाईचा सैलपणा असतो. दंड मोठा असेल तर मोठा पट्टा वेगळा मागवा.’ उज्वलाने लग्नाआधी ब्लाउज शिवले होते. बाहीचा घेर सांगताना बायका काय गडबड करतात ते तिला पाठ होतं.

शेठने हे वाचलं आणि कपाळाला हात लावला. “अगं, तू मशीन विकतेस का लोकांना हाकलतेस? फरक येऊ शकतो, सेल नाहीत, निदान नाही! नाही नाही नाही. गिऱ्हाईक पळून जाईल.”

दुसऱ्या दिवशी बघते तर मजकूर बदललेला. ‘शंभर टक्के अचूक. सर्वांना बसणारा पट्टा. बीपीचं निदान घरबसल्या, दवाखान्याची खेप वाचवा.’ उज्वलाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती शेठशी भांडली, तेव्हा तो म्हणाला, “बघू.” शेठचं ‘बघू’ म्हणजे नाहीच, हे दुकानातल्या सगळ्यांना माहीत.

दिवाळीनंतर एका सकाळी सायखेड्याहून सोमनाथ आला. बरोबर त्याची आई साळूबाई. डावं मनगट प्लास्टरमध्ये, चेहरा ओढलेला, पण अंगाने भरलेली. आयुष्यभर पाट्या उचललेल्या बाईचे दंड ते. सोमनाथने मशीनचा खोका काउंटरवर आपटला.

“उज्वला कोन हाय इथं?”

“मीच. काय झालं, दादा?”

“काय झालं? तुमच्या मशीनवर आईचा बीपी रोज एकशे सत्तरच्या वर. तुम्हीच लिहिलंय, शंभर टक्के अचूक, दवाखान्याची खेप वाचवा. मंग मी वाचवली. गोळी एकाची दोन केली. आई अंगणात चक्कर येऊन पडली, हात मोडला. डॉक्टर म्हनले, बीपी पार खाली गेला होता. पट्टाच लहान हाय, म्हनून आकडा खोटा वर दाखवतो. पट्टा तर सगळ्यांना बसतो ना, ताई?”

त्या ओळी उज्वलाच्या नव्हत्या, पण नाव तिचं होतं. सोमनाथचा राग रास्त होता आणि पत्ता चुकला होता.

आतल्या खोलीतून शेठ आला. आल्या आल्या त्याने परिस्थिती जोखली आणि आवाजात मध घातला. “दादा, मशीनमध्ये दोष नाही. तुम्ही पट्टा चुकीचा बांधला असेल. आणि माहिती आमच्या मॅडम लिहितात, त्यांची काही चूक झाली असेल तर आपण समज देऊ.”

चोराच्या उलट्या बोंबा! उज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. नोकरी गेली तर पोरीची फी कशी भरायची, हा विचार तिच्या मनात आला आणि त्या संतापात वाहूनही गेला. कारण तिला शेठच्या टेबलाचा खालचा खण आठवला.

ती सरळ आत गेली, खण उघडला आणि एक मशीन घेऊन बाहेर आली. तेच मॉडेल, तोच रंग. फक्त पट्टा रुंद आणि लांब.

“शेठ, हे कोणाचं? हा मोठा पट्टा तुम्ही स्वतःसाठी मागवलात ना?”

रोज दुपारी जेवणाआधी तो या मशीनवर स्वतःचा दाब मोजायचा. त्याचाही दंड चांगला जाडजूड. मशीन नवं आलं तेव्हा पहिल्याच दिवशी लहान पट्ट्यावर आकडा भलताच वर आला, तो घाबरला, डॉक्टरांना विचारून आला आणि स्वतःसाठी मोठा पट्टा मागवून घेतला. उज्वलानेच तो नोंदवला होता. आपल्या दंडाला मोठा पट्टा, आणि लोकांना मात्र ‘सर्वांना बसणारा’.

उज्वलाने गळ्यातला टेप काढावा तसा काउंटरवरून टेप ओढला. साळूबाईंना खुर्चीत टेकून बसवलं, पाय जमिनीवर ठेवायला सांगितले. उजव्या दंडाच्या मधोमध टेप लावला. पंधरा इंच.

“मावशी, जरा शांत बसा. बोलू नका.”

पाच मिनिटं तिने घड्याळाकडे बघून मोजली. बाहेर रिक्षावाले एकमेकांवर खेकसत होते. मग तिने साळूबाईंचा हात छातीच्या उंचीला येईल असा टेबलावर ठेवला आणि आधी मोठा पट्टा बांधला. एकशे अठ्ठावीस. थोडं थांबून त्यांचा स्वतःचा लहान पट्टा कसाबसा गुंडाळला, तो चिकटेचना. एकशे बावन्न.

सोमनाथ दोन्ही आकडे बघत राहिला. त्याच्या तोंडचा राग ओसरला आणि त्या जागी काही तरी जास्त वाईट आलं. दोन गोळ्या त्याने स्वतःच्या हाताने दिल्या होत्या.

“म्हंजी मला बीपी नायच का गं, पोरी?” साळूबाईंनी विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं! सोमनाथला बरं वाटलं असतं, शेठचं तोंड आणखी काळं झालं असतं. पण उज्वला म्हणाली, “ते मशीन सांगत नाही, मावशी. मीही नाही सांगणार. हा लहान पट्टा आणि हे आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी तेच ठरवतील.”

शेठने घसा साफ केला. “बरं, मोठा पट्टा यांना आपल्याकडून भेट. झालं ना समाधान?”

साळूबाईंनी प्लास्टरचा हात मांडीवर घेतला आणि शेठच्या दंडाकडे बघितलं.

“शेठ, तुमचा दंड केवढा, ते तुम्हाला ठावं व्हतं. मंग तुम्ही पट्टा बदलला. माझा दंड केवढा, ते कुनी इचारलं व्हतं का?”

“मी लिहून विचारलं होतं,” उज्वला म्हणाली. “यांनी ते पुसलं.”

ती कॉम्प्युटरपुढे बसली. शेठ म्हणाला, “उज्वला, बघू आपण संध्याकाळी.” तिने मान वर न करता पहिली ओळ टाइप केली: ‘दंडाच्या मधोमध टेप लावून मोजा.’ आणि शेठने तिला अडवण्यासाठी एक पाऊल टाकलं तेव्हा सोमनाथ मध्ये येऊन उभा राहिला.